आबाजींचे डोळे: स्वस्थ बसलेल्या पात्राला पापणी आणि नजर देणारी स्क्रिप्ट, एका हंगामाच्या वापरानंतर

पऱ्हाटीच्या पेरणीच्या दिवसांत बसवलेली ही स्क्रिप्ट शेवटचा वेचा निघत आला तरी आमच्याकडे चालू आहे. त्यामुळे आता तिच्याबद्दल खात्रीनं लिहिता येईल. आधी निकाल सांगतो. पापण्यांचं काम चांगलं आहे, मात्र थोडी दुरुस्ती लागते. नजरेचं काम जसं मिळतं तसं वापरू नका, त्यातली एक ओळ बदला. ती बदलली की फुकटात यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही.

आम्ही गोडोमध्ये वऱ्हाडी गोष्टींचं एक ॲप करतो आहोत. ओट्यावर आबाजी बसलेले असतात आणि पोरगं गोष्ट निवडेपर्यंत ते नुसतेच बसून असतात. खरी अडचण या नुसतं बसण्याचीच. पूर्वी आम्ही हातानं केलेली दहा सेकंदांची हालचाल फिरवत होतो. श्वास, खांदे, मान सगळं नीट होतं, पण पापणी दर फेरीत त्याच जागी मिटायची. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत टॅबवर दाखवलं, तर तिसरीतल्या पोरांनी थोड्याच वेळात "आता मिचकावते पाहा" म्हणत आधीच ओळखायला सुरुवात केली. म्हणून पापणी आणि नजर आयत्या वेळी ठरवणारी ही स्क्रिप्ट घेतली.

ती बसवल्यावर पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: "आबाजी पेल्यावानी काऊन पाह्यते?" पोरगी बरोबर बोलली होती. नजर इकडून तिकडे सरकत होती, आणि माणसाची नजर सरकत नाही, ती उडी मारते. डोळा सावकाश फिरतो तो फक्त हलत्या वस्तूचा पाठलाग करताना, म्हणजे रस्त्यानं जाणारी बंडी बघताना वगैरे. स्थिर गोष्टींमध्ये तो एका जागी टेकतो, क्षणभर थांबतो आणि झटक्यात दुसरीकडे जातो. सूहा ली, जेरेमी बॅडलर आणि नॉर्मन बॅडलर यांनी २००२ मध्ये ॲनिमेशनसाठी हे गणित मांडलं होतं. उडीला मुळात २० ते ३० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक अंशामागे दोन ते पावणेतीन मिलिसेकंद वाढतात. म्हणजे तीन अंशांची उडी साधारण ३२ मिलिसेकंदांत संपते. आमचा टॅब सेकंदाला ३० फ्रेम दाखवतो, म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. थोडक्यात, अख्खी उडी एका फ्रेममध्ये उरकते.

मूळ स्क्रिप्टमध्ये मात्र हे होतं:

```gdscript
gaze = gaze.lerp(target, 5.0 * delta)
```

यात प्रत्येक फ्रेमला उरलेल्या अंतराचा सहावा हिस्साच कापला जातो. अर्धा सेकंद झाला तरी थोडं अंतर बाकीच राहतं. खऱ्या डोळ्यापेक्षा पंधरा पट संथ! ही ओळ काढून सरळ `gaze = target` लिहिलं आणि आबाजी शुद्धीवर आले. वीस अंशांची मोठी उडी असेल तर दोन-तीन फ्रेम द्या, त्याहून जास्त नको. एकाच फ्रेममध्ये नजर बदलली तर झटका दिसेल अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो झटका नजरेत भरत नाही, आबाजी काहीतरी बघताहेत एवढंच जाणवतं.

उडी किती मोठी ठेवायची हे मात्र पुस्तकी आकड्यावर सोडू नका, पडद्यावर मोजा. टेकलेल्या नजरेतही डोळा अंशाहून कमी हालचाली करत असतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये एक अंशाची किमान उडी दिलेली आहे. आमच्या टॅबवर आबाजींच्या डोळ्याच्या गोळ्याची त्रिज्या सुमारे ४० पिक्सेल भरते. एक अंश म्हणजे ०.७ पिक्सेल. ते कोणालाच दिसणार नाही. तीन अंशांना दोन पिक्सेल मिळतात, तिथून फरक कळायला लागतो. आम्ही लहान उड्या अडीच ते चार अंशांच्या ठेवल्या. चेहरा मोठा दाखवायचा असेल तर हा आकडा खाली आणावा लागेल, नाहीतर पात्र घाबरल्यासारखं भिरभिरतं. प्रत्येक नवी उडी समोरच्या पोराच्या चेहऱ्याभोवतीच मोजा, मागच्या जागेपासून नको. मागच्या जागेपासून मोजली तर काही मिनिटांत नजर हळूहळू कोपऱ्यात जाऊन बसते.

आता पापणी. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो, पण सारख्या अंतरानं नाही. बरीच अंतरं लहान असतात, मधूनच एखादं लांबलचक येतं. स्क्रिप्टमध्ये दोन ते पाच सेकंदांमधला कुठलाही आकडा सारख्याच शक्यतेनं निवडला जायचा. ते वाईट दिसत नाही, पण फार शिस्तीचं वाटतं. आम्ही हे घातलं:

```gdscript
func next_blink() -> float:
    return clampf(exp(randfn(1.1, 0.5)), 0.8, 9.0)
```

याचं मधलं अंतर तीन सेकंद आणि सरासरी साडेतीनच्या जरा खाली, म्हणजे मिनिटाला सतराच्या आसपास. लागोपाठ दोनदा लवणं आणि मग सहा-सात सेकंद टक लावणं, दोन्ही आपोआप येतं.

मिटण्याला ८० मिलिसेकंद आणि उघडायला १६० ठेवले आहेत. पापणी पडते चटकन, उघडते सावकाश. हे प्रमाण उलटं झालं तर डुलकी लागल्यासारखं दिसतं. पूर्ण मिटलेली अवस्था मूळात ४० मिलिसेकंदांची होती. टॅब तापला की आमच्याकडे फ्रेम वीसवर येतात, एक फ्रेम ५० मिलिसेकंदांची होते, आणि नेमकी मिटलेली अवस्था दोन फ्रेमच्या मधे हरवते. मग पापणी अर्ध्यावरून परत फिरते आणि डोळा फडफडल्यासारखा वाटतो. `max(0.04, delta)` लिहिलं की एक फ्रेम तरी डोळा पूर्ण बंद दिसतो. हे स्वतः तपासायचं तर पडदा रेकॉर्ड करून एकेक फ्रेम पुढे सरकवा. नुसत्या डोळ्यांनी कारण सापडत नाही.

दोन गोष्टी स्क्रिप्टमध्ये नव्हत्याच. आबाजी अंगणातल्या कोंबडीकडे खाली बघतात, तेव्हा वरची पापणी बुबुळाबरोबर खाली यायला हवी. ती जागीच राहिली तर बुबुळाच्या वर पांढरं दिसतं आणि म्हातारा दचकल्यासारखा होतो. खाली बघण्याच्या प्रमाणात पापणी थोडी मिटवली की काम होतं. दुसरं म्हणजे मे महिन्याच्या उन्हाचा देखावा. तिथे आबाजी डोळे किलकिले करून बसतात, ०.३५ इतके. त्यावर पापणी लवली की बेरीज १.३५ होते आणि पापणी गालातून आरपार जाते. नुसती बेरीज करू नका, `squint + blink * (1.0 - squint)` वापरा. मग कितीही किलकिले केले तरी आकडा एकच्या वर जात नाही.

ही स्क्रिप्ट बसून राहण्यापुरतीच आहे हे ध्यानात ठेवा. बोलताना माणसाची पापणी जास्त लवते, नजर शब्द शोधायला बाजूला जाते आणि वाक्य संपताना ऐकणाऱ्याकडे परत येते. यातलं काहीच तिला कळत नाही. आमचे आबाजी गोष्ट सांगायला लागले की आम्ही ती बंद करतो आणि नजर हातानं बसवतो. पोरानं गोष्ट मधेच थांबवली तर परत चालू करताना पापणीचा टायमर नव्यानं भरा. तो जुनाच राहिला तर थांबवल्याबरोबर आबाजी दर वेळी डोळे मिटतात, आणि पोरांना वाटतं त्यांना राग आला.