कॅमेऱ्यावर शटर की सेटिंगमधून बंद?

ऐरोलीत घरून काम करणाऱ्या वहिनीने विचारलं, “भावजी, लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला शटर लावू की सेटिंगमधूनच बंद करू?”

विंडोजमध्ये Device Manager उघडून Cameras खाली Disable device केलं, की कुठल्याच अ‍ॅपला कॅमेरा सापडत नाही. पण ॲडमिनचे अधिकार मिळालेला व्हायरस तो पुन्हा चालू करू शकतो. सरकत्या शटरला सॉफ्टवेअर हात लावू शकत नाही.

शटरचा आणखी एक फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. कॅमेरा आत चालूच राहतो, म्हणून मीटिंग नसताना कॅमेऱ्याशेजारचा दिवा लागला तर कुणीतरी डोकावतंय हे कळतं. फक्त दिव्यावर मात्र विसंबू नये. 2008 पूर्वीच्या काही मॅकबुकमध्ये दिवा न लागता कॅमेरा चालवता येतो, हे संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं होतं.

वहिनीचा लॅपटॉप मॅकबुक असता तर बाहेरून चिकटवायचं शटर नको म्हणालो असतो. झाकण मिटताना स्क्रीन तडकू शकते, ॲपल 0.1 मिमीपेक्षा जाड काही लावू नका म्हणतं. तिच्या विंडोज लॅपटॉपला शटर कंपनीचंच होतं, वर्षभर कुणी सरकवलंच नव्हतं!

मायक्रोफोन दोन्ही उपायांत उघडाच राहतो. तो वेगळा बंद करावा लागतो.