टोल दोनदा कापला, आणि तक्रार करताना दाजींचे 18 हजार गेले

दिवाळीनंतर अंबाजोगाईहून छत्रपती संभाजीनगरला कार घेऊन गेलो होतो. सोलापूर-धुळे महामार्गावर बीड जिल्ह्यातल्या एका टोलनाक्यावर दांडा काही वर होईना. खिडकीतला मुलगा म्हणाला, "फास्टॅग वाचत नाही. रोख भरा, डबल लागतील." मी मोबाईलवर बॅलन्स दाखवला, 640 रुपये. टॅग चालू होता, काळ्या यादीतही नव्हता. मी रोख द्यायला नकार दिला, तेव्हा त्यानं गाडी मागं घ्यायला लावली आणि शेजारच्या लेनमध्ये पाठवलं. तिथं एकानं हातातलं मशीन काचेवर धरलं, दांडा वर गेला आणि आम्ही निघालो.

रात्री घरी परतल्यावर, गाडी दारात उभी असताना, मेसेज आला: त्याच नाक्यावर 80 रुपये कापले. सकाळी एक मेसेज येऊन गेला होताच.

असा उशिरा मेसेज आला की माणूस गोंधळतो. आपला टॅग दुसऱ्या कुणाच्या गाडीवर चालतोय की काय, अशी शंका येते. म्हणून मेसेजवर न थांबता ज्या बँकेचा टॅग आहे तिच्या अ‍ॅपमध्ये जाऊन व्यवहारांची यादी उघडायची आणि एकेक एंट्री पूर्ण उघडून बघायची. तिथं दोन वेळा असतात. एक, नाक्यावर टॅग वाचला गेला ती वेळ. दुसरी, बँकेकडं पैसे कापले गेले ती वेळ. यादी बहुतेक वेळा दुसऱ्या वेळेप्रमाणे लागते, म्हणून सकाळचा टोल रात्रीच्या एंट्रीत दिसू शकतो. माझ्या दोन्ही एंट्र्या उघडल्यावर टॅग वाचल्याची वेळ निघाली 10:52 आणि 10:56. नाका तोच, लेन वेगळी, व्यवहार क्रमांक वेगळे. म्हणजे पहिल्या लेनमध्ये टॅग वाचला गेला होता. "वाचत नाही" हे आम्हाला सांगितलेलं खोटं होतं, आणि त्याच्या जोरावर आधी डबल रोख मागितली होती. रोख दिली असती तर तीही गेली असती आणि टॅगमधून कापलेलेही गेले असते.

दुसरी खात्री बॅलन्सची. कधी कधी एकाच कपातीचे दोन मेसेज येतात, पैसे मात्र एकदाच जातात. माझ्याकडं 640 वरून 560, मग परतीच्या प्रवासाचे 40 कापून 520, आणि रात्रीच्या एंट्रीनंतर 440 असा उतरता बॅलन्स दिसत होता. एकूण 200 गेले, जायला हवे होते 120. म्हणजे 80 खरोखर जास्त गेले.

परतीचे ते 40 नीट समजून घ्या, कारण बँकेनं पहिल्यांदा माझी तक्रार त्याच कारणानं बंद केली. राष्ट्रीय महामार्गावर 24 तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलं की जाण्या-येण्याचा मिळून दीडपट टोल लागतो. जाताना 80 असेल तर येताना 40. त्यामुळं एकाच दिवशी एकाच नाक्याच्या दोन एंट्र्या दिसल्या म्हणजे दोनदा कापला असं नाही. मला उत्तर आलं, "दुसरी कपात परतीच्या प्रवासाची आहे." मी लिहून पाठवलं की परतीची एंट्री 40 ची वेगळी आहे, तिची वेळ संध्याकाळची आहे. वादातल्या दोन्ही एंट्र्या 80 च्या आहेत आणि त्यांच्यात चार मिनिटांचं अंतर आहे. चार मिनिटांत कुणी संभाजीनगरला जाऊन परत येत नाही. तिन्ही एंट्र्यांचे स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जोडले, तेव्हा तक्रार पुन्हा उघडली.

तक्रार कुठं करायची, यात लोक हमखास चुकतात. नाक्यावर जाऊन भांडण्यात अर्थ नाही, तिथला माणूस तुमच्या टॅगमध्ये पैसे परत टाकू शकत नाही. तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडं करायची. अ‍ॅपमध्ये त्या एंट्रीवरच तक्रारीचा पर्याय असतो. एकाच फेरीचे दोनदा कापले, रोख भरूनही कापले, गाडीचा प्रकार चुकीचा लावला, यातलं आपलं नेमकं कारण निवडायचं आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. आपली बँक तो दावा नाक्याच्या बँकेकडं पाठवते, आणि नाक्याला त्या फेरीची नोंद दाखवावी लागते. राष्ट्रीय महामार्गाच्या 1033 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. मला तिथवर जावं लागलं नाही. काही दिवसांनी 80 रुपये टॅगच्या खात्यात जमा झाल्याची एंट्री आली. फोन आला नाही, कुणी ओटीपी मागितला नाही, लिंक पाठवली नाही. परतावा असाच येतो, गुपचूप, ज्या खात्यातून कापला त्याच खात्यात.

हे सगळं लिहितोय ते परभणीच्या दाजींमुळं. त्यांचेही असेच दोनदा कापले होते. त्यांनी बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवर शोधला आणि जो नंबर सगळ्यात वर आला तो लावला. समोरचा माणूस अतिशय नम्र, गाडीचा नंबर विचारून म्हणाला, "हो सर, डबल कटिंग दिसतंय." दिसतंय काय, दाजींनीच त्याला सांगितलं होतं! मग त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल पाठवली. नावाच्या शेवटी .apk होतं, म्हणजे ते एक अ‍ॅपच होतं. ती इन्स्टॉल करताना मेसेज वाचायची परवानगी मागितली, दाजींनी दिली. मग परताव्याचा फॉर्म उघडला, त्यात बँकेचा तपशील, कार्डचे आकडे, आणि "पडताळणीसाठी 5 रुपये" भरायला यूपीआय पिन. फॉर्मच खोटा होता, तिथं टाकलेला पिन सरळ भामट्यांकडं गेला. पुढचे ओटीपी त्या फाईलमधून परस्पर तिकडं जात होते. दहा मिनिटांच्या आत खात्यातून 18 हजार निघाले.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन द्यायला लागतो. आणि बँकेचा नंबर इंटरनेटच्या शोधातून घ्यायचा नाही, तो बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा. टॅग कोणत्या बँकेचा हे लक्षात नसेल तर काचेवरच्या स्टिकरवर बँकेचं नाव असतं.

आणखी एक नियम खिशात ठेवा. टॅग चालू आहे, बॅलन्स पुरेसा आहे आणि नाक्याचं मशीनच बिघडलंय, तर 7 मे 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे गाडी पैसे न घेता सोडायची असते आणि शून्य रकमेची पावती द्यायची असते. रोखीनं डबल टोल ज्याच्याकडं चालू टॅग नाही त्याच्यासाठी आहे. नाक्यावर रोख द्यावीच लागली तर पावती घेतल्याशिवाय हलू नका, पुढच्या दाव्यात तोच पुरावा लागतो.

दाजींचा फोन ताईनं लगेच बंद केला आणि स्वतःच्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांक लावला. त्यामुळं पुढच्या एका खात्यात गेलेले 7 हजार तिथंच अडवले गेले. बाकीचे तोवर एटीएममधून काढले गेले होते. अडवलेली रक्कम परत मिळवण्याचा अर्ज cybercrime.gov.in वरच्या तक्रारीची प्रत जोडून पोलीस ठाण्यात दिला आहे, आणि ते 7 हजार अजून मिळायचे आहेत.