कॉफीचा रिफ्रॅक्टोमीटर कोणता घ्यावा: ब्रिक्स मीटर, अटागो, डीफ्लुइड की व्हीएसटी?

कॉफीत विरघळलेले घनपदार्थ मोजणारे उपकरण घ्यायचे ठरवल्यावर बहुतेक जण किंमत आणि अचूकतेचे आकडे शेजारी ठेवून पाहतात. ते आवश्यक आहेच, पण त्याआधी आपण कोणती कॉफी करतो हा प्रश्न विचारला पाहिजे. कारण एकच उपकरण एस्प्रेसो करणाऱ्याला पुरेसे ठरते आणि पोअर-ओव्हर करणाऱ्याला जवळजवळ निरुपयोगी. असे का होते, हे एका साध्या सूत्रावरून कळते.

रिफ्रॅक्टोमीटर थेंबातून जाणारा प्रकाश किती वळतो हे पाहतो आणि त्यावरून टीडीएस, म्हणजे पेयात विरघळलेल्या घनपदार्थांची टक्केवारी, सांगतो. आपल्याला मात्र बहुधा दुसरीच गोष्ट हवी असते: कोरड्या पुडीपैकी किती भाग पाण्यात उतरला, म्हणजे एक्स्ट्रॅक्शन यील्ड किंवा निष्कर्षण. ते उपकरण मोजत नाही, ते आपण काढतो.

निष्कर्षण (%) = कपातील पेयाचे वजन × टीडीएस (%) ÷ पुडीचे वजन

15 ग्रॅम पूड आणि 250 ग्रॅम पाणी घेतले, तर पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते आणि कपात साधारण 220 ग्रॅम पेय उतरते. टीडीएस 1.30 आला, तर निष्कर्षण 19.1 टक्के होते. एमआयटीतील रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांच्या 1950 च्या दशकातील कामातून जो तक्ता रूढ झाला, त्यात 18 ते 22 टक्के हा पट्टा चांगला मानला आहे. म्हणजे आपले सगळे निर्णय चार टक्क्यांच्या पट्ट्यात घ्यायचे असतात, आणि उपकरणाच्या चुकीकडे या पट्ट्याच्या मापानेच पाहायला हवे.

सूत्रात टीडीएसला ज्या आकड्याने गुणले जाते, तो म्हणजे पेय भागिले पूड, वरच्या उदाहरणात जवळपास 14.7. उपकरणाची चूकही तितक्याच पटीने वाढते. टीडीएसमध्ये 0.01 ची चूक झाली तर निष्कर्षणात 0.15 टक्क्याची, 0.03 ची झाली तर सुमारे 0.44 ची, आणि 0.15 ची झाली तर तब्बल 2.2 टक्क्यांची चूक पडते. शेवटच्या स्थितीत 19.1 हा आकडा प्रत्यक्षात 16.9 ते 21.3 यांपैकी काहीही असू शकतो. एस्प्रेसोमध्ये 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम पेय घेतले, तर हा गुणक केवळ 2 असतो. तेथे 0.15 ची चूक 0.3 टक्क्यावर थांबते, जिची फारशी फिकीर करण्याचे कारण नाही.

आता उपकरणांकडे पाहू. घरात आरओ फिल्टर असल्यामुळे अनेकांच्या खणात पाण्याचा टीडीएस मोजणारी पेनासारखी वस्तू आधीच असते, आणि नावात टीडीएस असल्यामुळे ती कॉफीत बुडवून पाहण्याचा मोह होतो. ती विद्युतवाहकता मोजते. कॉफीतील बहुतांश घनपदार्थ वीज वाहून नेत नाहीत, त्यामुळे तिचा आकडा या कामासाठी निरर्थक आहे. तिला येथेच बाजूला ठेवावे.

दुसरा पर्याय म्हणजे हातात धरून उजेडाकडे पाहायचा ब्रिक्स मीटर, जो नाशिककडचे द्राक्षबागायतदार मण्यांची गोडी पाहायला वापरतात. तो हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. ब्रिक्सच्या आकड्याला साधारण 0.85 ने गुणले की कॉफीचा टीडीएस येतो, असा ढोबळ नियम आहे. अडचण त्याच्या मोजपट्टीची आहे: 0 ते 32 ब्रिक्सच्या नेहमीच्या मीटरवर एक रेघ 0.2 ची असते. म्हणजे एका रेघेची चूक टीडीएसमध्ये 0.17, पोअर-ओव्हरच्या निष्कर्षणात अडीच टक्के आणि एस्प्रेसोच्या निष्कर्षणात 0.34. पोअर-ओव्हरसाठी मी तो कोणालाही सुचवणार नाही. एस्प्रेसोसाठी मात्र, हाती पैसे बेताचे असतील तर, तो जेवढा हिणवला जातो तेवढा वाईट नाही.

डिजिटल उपकरणांत तीन नावे वारंवार समोर येतात. जपानच्या अटागोचे पाल-कॉफी टीडीएसमध्ये ±0.15 अचूकतेचे सांगितले जाते, चीनच्या डीफ्लुइडचे आर2 ±0.03 चे, आणि अमेरिकेतील व्हीएसटीचे लॅब कॉफी फिल्टर कॉफीच्या पट्ट्यात ±0.01 चे. तिन्ही पडद्यावर दोन दशांश स्थळे दाखवतात आणि ग्राहकाची दिशाभूल नेमकी येथे होते. दिसणारा शेवटचा अंक आणि विश्वासार्ह अंक एकच असतील असे नाही.

तरीही अटागोला एका वाक्यात निकालात काढणे अन्यायाचे होईल. सांगितलेली अचूकता ही खऱ्या मूल्यापासून किती दूर जाऊ शकते याची हमी आहे. तेच उपकरण तोच नमुना पुन्हा मोजताना किती डळमळते हा वेगळा प्रश्न आहे, आणि ती डळमळ पुष्कळदा बरीच कमी असते. उपकरण नेहमीच 0.08 ने जास्त दाखवत असेल, तर कालची आणि आजची कॉफी ताडून पाहायला त्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या कोणी लिहिलेल्या पाककृतीतील 21 टक्क्यांशी आपला आकडा जुळवायचा असेल, तेव्हा मात्र बिघडते. त्यामुळे आपल्याच दळणाची आपल्याशी तुलना करणाऱ्याला पुनरावृत्ती महत्त्वाची, आणि इतरांशी आकडे ताडून पाहणाऱ्याला अचूकता. घरच्या उत्साही माणसासाठी माझा कौल डीफ्लुइडच्या बाजूने जातो, कारण व्हीएसटीसाठी मोजावी लागणारी अनेक पट किंमत निष्कर्षणातील 0.44 आणि 0.15 टक्क्यांच्या चुकीतील फरकासाठी आहे, आणि तो फरक हाताळणीतील निष्काळजीपणा सहज गिळून टाकतो.

ती हाताळणी तापमानापासून सुरू होते. पाणी एका अंशाने तापले की त्याचा अपवर्तनांक साधारण 0.0001 ने उतरतो, आणि तेवढा फरक टीडीएसच्या भाषेत सुमारे 0.06 होतो, पोअर-ओव्हरच्या निष्कर्षणात जवळजवळ एक टक्का. उपकरणे तापमानाची भरपाई आपोआप करतात, पण त्यांचा संवेदक प्रिझमजवळचे तापमान पाहतो, थेंबाच्या पोटातले नाही. म्हणून आधी सगळे पेय नीट ढवळावे, कारण सुरुवातीला उतरलेली दाट कॉफी भांड्याच्या तळाशी राहते. मग थोडे पेय छोट्या काचेच्या पेल्यात घेऊन, त्यावर झाकण ठेवून, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे; झाकण नसेल तर वाफ निघून जाते आणि आकडा फुगतो. त्याच खोलीत ठेवलेल्या डिस्टिल्ड पाण्याने उपकरण शून्यावर आणावे. मे महिन्यातील पुण्यात पंख्याखाली आणलेले शून्य वातानुकूलित खोलीत चालत नाही. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबून लागोपाठ तीन वाचने घ्यावीत: ती एकाच दिशेने सरकत असतील तर नमुना अजून गरम आहे किंवा सुकतो आहे, आणि पुढेमागे होत असतील तर प्रिझमची काच स्वच्छ नाही. अल्कोहोलने पुसलेली काच पूर्ण कोरडी होण्याआधी थेंब टाकणे हा सर्रास दिसणारा घोटाळा आहे.

एवढे सांभाळल्यावर आकड्याचा उपयोग कसा होतो, ते एका उदाहरणात पाहू. समजा, 15 ग्रॅम हलक्या भाजणीची पूड आणि 250 ग्रॅम पाणी घेतले, तीन मिनिटांत 221 ग्रॅम पेय उतरले, टीडीएस 1.24 आला. निष्कर्षण 18.3 टक्के, चव आंबट आणि पातळ. दळण एक पायरी बारीक केले: 219 ग्रॅम, 1.36, म्हणजे 19.9 टक्के; आंबटपणा मावळला आणि गोडवा आला. आणखी एक पायरी बारीक केल्यावर वेळ चार मिनिटांच्या पुढे गेला, पेय 218 ग्रॅम उतरले, पण टीडीएस 1.30 वर घसरला आणि निष्कर्षण 18.9 वर, तर जिभेला कडवटपणा आणि तुरटपणा जाणवला. नुसत्या जिभेवर विसंबणारा येथे म्हणेल की निष्कर्षण फार झाले. आकडा उलट सांगतो: बारीक कणांनी कागद तुंबला, पाण्याने पुडीतून मोजक्या वाटा काढल्या, त्या वाटांवरची पूड जास्त उकळून निघाली आणि उरलेली तशीच राहिली. उपाय पाण्याचे तापमान उतरवणे हा नाही. दळण एक पायरी मागे घेणे किंवा पाणी कमी उंचीवरून, शांतपणे ओतणे हा आहे. या निर्णयाला आधार देणारा फरक 0.06 टीडीएसचा आहे: आर2 च्या मर्यादेत तो जेमतेम दिसतो, व्हीएसटीवर स्पष्ट दिसतो, ब्रिक्स मीटरवर दिसतच नाही.

फ्रेंच प्रेस वापरणाऱ्याने सूत्रात एक बदल करावा. तेथे पुडीत अडकलेले पाणीही कपातल्याइतकेच दाट असते, म्हणून कपातील वजनाऐवजी ओतलेल्या सगळ्या पाण्याचे वजन धरावे. तसे न केल्यास 1.30 टीडीएसची प्रेस कॉफी 21.7 ऐवजी 19.1 टक्क्यांची वाटते आणि माणूस विनाकारण दळण बारीक करत बसतो.

एस्प्रेसोत गुणक लहान असला तरी नमुना गढूळ असतो. त्यातील तेल आणि अतिसूक्ष्म कण वाचन बिघडवतात. म्हणून तो सिरिंजला लावायच्या बारीक फिल्टरमधून गाळून मोजण्याची पद्धत आहे. हे फिल्टर पुन्हा वापरता येत नाहीत आणि त्यांचा खर्च रोजच्या रोज होतो, हे उपकरणाच्या किमतीत धरून चालावे. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमधील दाक्षिणात्य डिकॉक्शनचा टीडीएसही मोजता येतो, मात्र दूध घालण्याआधीच. पुडीत चिकोरी असेल तर निष्कर्षणाचा आकडा तक्त्याशी ताडू नये. चिकोरी कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, त्यामुळे 18 ते 22 चा पट्टा तिला लागू होत नाही.

उपकरण घेण्याआधी किंवा घेतलेले तपासण्यासाठी एक जुनी पद्धत घरी करता येते. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर कोरड्या, हलक्या वाटीचे वजन करावे, तीत 100 ग्रॅम गाळलेली कॉफी घ्यावी, आणि ओव्हनमध्ये 105 अंशांवर सगळे पाणी उडेपर्यंत, वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवावी. उरलेला तपकिरी थर 1.30 ग्रॅम भरला तर टीडीएस 1.30. काट्याच्या दोन्ही वाचनांतील चूक धरूनही उत्तर 0.02 च्या आत राहते, म्हणजे आर2 पेक्षा सरस. वेळ मात्र कित्येक तासांचा लागतो, आणि तो थर हवेतील ओलावा भराभर शोषतो, त्यामुळे पावसाळ्यात वाटी ओव्हनमधून काढल्यावर हाताला सोसेल इतकी निवताच वजन करावे.