मॅरिऑटची बाटली की ओव्हरफ्लो ट्रे: कोअरवर पाण्याची पातळी स्थिर कशी ठेवावी

रिंगमध्ये जसाच्या तसा कापून आणलेला मातीचा नमुना म्हणजे अबाधित कोअर. तो पाण्यानं पूर्ण भरलेला असताना त्यातून पाणी किती सहज जातं, ती त्याची संपृक्त जलवाहकता. ती काढायला कोअरवरची पाण्याची पातळी न बदलू देणारी कॉन्स्टंट हेड पद्धत घ्यायची, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. खरा प्रश्न त्यानंतर येतो. कोअरवर उभं राहणारं पाणी एका पातळीवर धरायचं कशानं? एक वाट मॅरिऑटच्या बाटलीची आहे: बाटली हवाबंद असते आणि पाणी जाईल तशी हवा फक्त आत बुडवलेल्या नळीतून येते. दुसरी ओव्हरफ्लो ट्रेची: छोटा पंप बादलीतून पाणी चढवतो आणि जास्तीचं पाणी ट्रेच्या तोटीतून परत बादलीत पडतं. ऐरोलीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मी दोन्ही वापरल्या आहेत.

बाटलीचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच आहे. वीज लागत नाही, पाणी थोडं लागतं, जागा तर जवळजवळ नाहीच. हवेच्या नळीचं खालचं टोक जिथे ठेवाल तिथे पातळी राहते, आणि बाटलीवरच्या खुणा वाचल्या की किती पाणी गेलं ते लगेच कळतं. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या बागेतले कोअर मी बाटलीवरच केले होते. त्यांना पावसाचं पाणी बागेत मुरवायचं होतं. त्यातल्या एकाचे आकडे देतो.

रिंगची उंची ५.१ सेंमी, आतलं क्षेत्रफळ १९.६ चौ. सेंमी, मातीवर पाणी २ सेंमी. कोअरचा तळ जाळीवर मोकळा, म्हणजे पाणी थेंबाथेंबानं हवेत पडतं. अशा वेळी हेडमधला फरक, म्हणजे पाण्याला कोअरमधून ढकलणारी उंची, २ सेंमी नसतो. तळाशी दाब शून्य, म्हणून पाण्याची उंची आणि कोअरची उंची मिळून ७.१ सेंमी धरायची. इथे फक्त २ धरले तर उत्तर साडेतीन पट फुगतं, आणि ही चूक मी अनुभवी लोकांच्या वह्यांमध्येही पाहिली आहे. प्रवाह स्थिर झाल्यावर १० मिनिटांत ३६ मिली पाणी आलं. खाली K ही जलवाहकता, V आलेलं पाणी, L कोअरची उंची, A क्षेत्रफळ, t सेकंदांतला वेळ आणि ΔH हेडमधला फरक.

```
K = V·L / (A·t·ΔH)
  = (36 × 5.1) / (19.6 × 600 × 7.1)
  = 0.0022 cm/s ≈ 7.9 cm/h
```

पाणी ३० अंशांवर होतं. २० अंशांवर आणायचं तर दोन तापमानांच्या स्निग्धतेच्या गुणोत्तरानं, साधारण ०.८० नं गुणायचं, म्हणजे ताशी ६.३ सेंमी. बाटलीनं इथे काही त्रास दिला नाही.

त्रास दिला तो खाडीकडच्या चिकट मातीच्या कोअरनं. त्यातून तासाला जेमतेम १२ मिली पाणी उतरत होतं. सकाळी अकरा ते बारा बाटलीवरचं वाचन १२. दुपारी तीन ते चार तेच १७. कोअरमध्ये भेग पडली का, रिंगच्या कडेनं पाणी सटकायला लागलं का, अशा सगळ्या शंका घेतल्या. कडेला पेट्रोलियम जेली पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच प्रकार, आणि संध्याकाळी बाटली बराच वेळ हलायलाच तयार नाही. शेवटी खाली ठेवलेला बीकर वजनकाट्यावर चढवला. बीकर दुपारीही तासाला १२ च सांगत होता, तेव्हा कुठे उलगडा झाला.

आमच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. तीनच्या सुमारास खोली तापते. दोन लिटरच्या बाटलीत तोवर लिटरभर हवा झालेली असते. ती एक अंशानं तापली की तीनेक मिलीनं फुगते, आणि पाण्याची वाफ वाढते तिची आणखी दोन-अडीच मिलीची भर पडते. एवढं पाणी कोअरनं न मागता बाटलीतून ढकललं जातं. त्या काळात नळीतून बुडबुडे येणं थांबतं, ही ओळखायची खूण. कोअरवरची पातळी जवळजवळ ३ मिमी वर चढते. हवा निवली की ते चढलेलं पाणी मुरेपर्यंत बाटली गप्प बसते.

कोणी म्हणेल, पातळी ३ मिमी चढली तर ७.१ सेंमीत तो फरक चार टक्केच. एकाच वाफ्यातले दोन कोअर दहा पटीनं वेगळे येतात, तिथे चार टक्क्यांचं काय घेऊन बसायचं? बरोबर आहे. चार टक्क्यांचं दुःख मलाही नाही. चिकट मातीत प्रवाह स्थिर झाला की नाही, हे ठरवणं हेच मुख्य काम असतं. माती फुगली की प्रवाह हळूहळू घटतो, अडकलेली हवा विरघळत गेली की वाढतो. त्यावर बाटलीची ही दुपारची भरती-ओहोटी चढली, की यातलं मातीचं काय आणि खोलीचं काय हे वेगळं काढता येत नाही. खालचं पाणी मोजून भागतं, पण मग बाटलीवर वाचन घ्यायची सोय, जिच्यासाठी ती घेतली, तीच उरत नाही. थर्माकोल गुंडाळून पाहिलं. फरक पडला, पण पुरेसा नाही.

ओव्हरफ्लो ट्रेत बंद हवाच नसल्यानं हा प्रश्न येत नाही. पाणी तोटीच्या ओठावरून वाहतं आहे तोवर पातळी तीच. शिवाय एका लांब ट्रेतून आम्ही सहा कोअर एकाच पातळीवर चालवतो.

त्याचीही दुखणी आहेत. मत्स्यालयाचा पंप पाणी तापवतो, म्हणून तापमान खोलीचं नाही, ट्रेमधल्या पाण्याचं लिहावं. पंपाच्या पाईपचं तोंड पाण्यात बुडवून ठेवलं आणि वीज गेली, तर ट्रेमधलं पाणी उलटं बादलीत ओढलं जातं आणि कोअर उघडे पडतात. तोंड वर टांगलं तर धार पडून पाण्यात हवा मिसळते, तीच पुढे मातीच्या छिद्रांत अडकते. आम्ही तोंड पातळीच्या बोटभर वर, ट्रेच्या भिंतीला चिकटवून ठेवतो, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळत उतरतं. पंप अगदी मंद ठेवावा. तो जोरात असला की तोटीवरचा पाण्याचा थर जाड होतो, म्हणून मातीवरच्या पाण्याची उंची पंप चालू असतानाच मोजायची.

पाणी दोन्हीकडे उकळून निवलेलं आणि चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड घातलेलं घ्यावं. निव्वळ डिस्टिल्ड पाण्यात चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात. कोअर खालून, सावकाश, निदान एक दिवस भिजवावेत.

एकच कोअर असेल, माती मोकळी असेल किंवा शेताच्या बांधावर काम असेल, तर बाटली घ्या, मीही घेतो. खोलीचं तापमान दिवसभर सारखं राहत असेल तर चिकट मातीलाही ती चालेल कदाचित. पण ठाणे-नवी मुंबईतल्या पत्र्याच्या किंवा पश्चिमेच्या खोलीत, तासाला दहा-वीस मिलीच्या कोअरवर बसायचं असेल, तर माझा कल ट्रेकडे आहे. त्याहून हळू, मिनिटाला एखादा थेंब पडणारी माती असेल, तर दोन्ही सोडून फॉलिंग हेड लावावं, म्हणजे वरची पातळी उतरू द्यायची आणि ती किती वेगानं उतरते ते मोजायचं. आमची बाटली हल्ली ट्रेच्या वरच्या फळीवर असते. रात्री वीज जायचा संभव वाटला की तिच्या नळीचं टोक तोटीच्या किंचित खाली लावून ठेवतो, म्हणजे पंप थांबला तरी कोअर सुकत नाहीत.