गाडीवाल्याला नोटीस: जुना मसुदा, चित्रांचं पत्रक की तीन रकाने?

वडापावच्या गाडीची तपासणी झाली, काही त्रुटी निघाल्या आणि आता सुधारणा नोटीस द्यायची आहे. ती कशी लिहायची, हे ठरवणाऱ्यासमोर साधारण तीन वाटा असतात. कार्यालयातला नेहमीचा मसुदा नाव बदलून पाठवायचा, त्याच मसुद्याला चित्रांचं पत्रक जोडायचं, किंवा नोटीसच नव्याने लिहायची. फेरीवाल्यांना नोटिसा वाचून दाखवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. माझा कौल तिसऱ्या वाटेला आहे, पण ती वाट नीट सांभाळली नाही तर नोटीस सोपी होते आणि कायद्यात लंगडी पडते. म्हणून तिन्ही शेजारी ठेवून पाहू.

आधी कायदा काय मागतो ते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३२ नुसार सुधारणा नोटिशीत चार गोष्टी हव्यात: नियम पाळला गेला नाही असं मानण्याचं कारण, नेमकं काय चुकलं, ते दुरुस्त करायला काय करायचं, आणि त्यासाठीची मुदत. ही मुदत १४ दिवसांपेक्षा कमी ठेवता येत नाही. गाडीवाल्याने काय पाळायचं ते २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांच्या परिशिष्ट ४ मध्ये आहे. नोटीस बोजड भाषेत असावी, असं यात कुठेही म्हटलेलं नाही.

नेहमीच्या मसुद्यातलं वाक्य साधारण असं असतं: “आपल्या आस्थापनेची तपासणी केली असता परिशिष्ट ४ मधील तरतुदींचे उल्लंघन होत असल्याचे निदर्शनास आले असून, सदर त्रुटींची पूर्तता नोटीस प्राप्त झाल्यापासून १४ दिवसांच्या आत तात्काळ करावी, अन्यथा आपणाविरुद्ध नियमानुसार कारवाई करण्यात येईल याची नोंद घ्यावी.”

गाडीवाला हे ऐकून पहिला प्रश्न विचारतो, “म्हणजे गाडी उचलणार का?” त्याच्या अनुभवात नोटीस म्हणजे महापालिकेचं अतिक्रमण खातं. अन्न व औषध प्रशासन वेगळं, जागेचा वाद वेगळा, हे त्या वाक्यातून कळायला मार्ग नाही. दुसरी अडचण अशी की “तात्काळ” आणि “१४ दिवसांच्या आत” एकाच वाक्यात बसले आहेत. सुधारणा नोटिशीत किमान १४ दिवस द्यावेच लागतात, त्यामुळे इथला “तात्काळ” नुसता मोघम नाही, चुकीचाही आहे. लोकांच्या आरोग्याला लगेच धोका असेल तर त्यासाठी कलम ३४ ची आणीबाणीच्या मनाईची वेगळी वाट आहे. ते काम सुधारणा नोटिशीतल्या एका क्रियाविशेषणावर टाकता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. समजा नोटिशीवर सोमवार, १ जून २०२६ अशी तारीख आहे आणि ती गाडीवाल्याच्या हातात शुक्रवारी, ५ जूनला पडली. वर छापलेल्या तारखेपासून मोजणारा म्हणतो, मुदत १५ जूनला संपली. मिळाल्याचा दिवस धरून मोजणारा १८ म्हणतो. कायद्याच्या रीतीने “पासून” म्हटल्यावर पहिला दिवस सोडतात, म्हणून खरं उत्तर १९ जून. एका वाक्यातून तीन तारखा निघतात आणि तिन्ही सांगणाऱ्यांना आपलंच बरोबर वाटतं. फेरतपासणी कधी, हे तर त्यात लिहिलेलंच नसतं.

चित्रांचं पत्रक कुठे कामी येतं आणि कुठे नाही, ते थोडक्यात सांगतो. झाकणाचा डबा, नळाची टाकी, केस झाकलेला माणूस अशी चित्रं एखाद्या चौकातल्या सगळ्या गाड्यांना वाटायची असतील तर उत्तम. अक्षरओळख कमी असली तरी ती समजतात, आणि मराठी न वाचणाऱ्यालाही समजतात. पण पत्रक सगळ्यांसाठी एकच असतं. माझ्या गाडीवर काय आढळलं, हे त्यात नसतं. दहा चित्रं पाहून माणूस सोपं काम आधी करतो, म्हणजे डोक्यावर टोपी घालतो, आणि जिच्यामुळे नोटीस आली ती पाण्याची बादली तशीच राहते. नावानिशी नोटिशीला पत्रक पुरत नाही.

आता तिसरी वाट. वरचीच गाडी धरू. तपासणीत चार गोष्टी आढळल्या: तळणीचं तेल बिघडलेलं, वडापाव वर्तमानपत्रात बांधून दिला जात होता, पिण्याचं पाणी उघड्या बादलीतून मगाने काढलं जात होतं, आणि कचऱ्याला झाकणाचा डबा नव्हता. नव्या नोटिशीचं पोट असं दिसेल:

| आमच्या तपासणीत काय आढळलं | तुम्ही काय करायचं | पुन्हा आल्यावर काय पाहू |
|---|---|---|
| कढईतल्या तेलावर मीटरने २९ टक्के दाखवलं. मर्यादा २५ आहे. | हे तेल टाकून द्या. उरलेल्या जुन्या तेलात नवं ओतू नका. | कढईतलं तेल मीटरने मोजू. २५ च्या वर नको. |
| वडापाव वर्तमानपत्रात बांधला जात होता. | खाण्याचे पदार्थ बांधायला चालणारा, न छापलेला कागद वापरा. | गाडीवर रद्दी दिसता कामा नये. |
| पाणी उघड्या बादलीत होतं, पाण्याचा मग आत बुडवत होते. | झाकण आणि खाली नळ असलेली टाकी ठेवा. | पाणी नळातूनच घेतलं जातं का ते पाहू. |
| कचरा गाडीखाली पिशवीत होता. | झाकणाचा डबा ठेवा. | डबा आणि झाकण दोन्ही. |

पहिला रकाना गाळायचा मोह आवरावा. सोपं करण्याच्या नादात बरेच जण फक्त “काय करायचं” ठेवतात. पण नोटिशीला कारण आणि नेमकी त्रुटी लागते, ती या रकान्यातच आहे. “गाडी अस्वच्छ” असं लिहिलं तर ते मत होतं. “पाण्याचा मग आत बुडवत होते” हे निरीक्षण आहे, आणि गाडीवाल्याला ते मान्य तरी करता येतं किंवा नाकारता तरी येतं.

तेलाच्या ओळीवर थोडं थांबायला हवं. तेल वारंवार तापवल्याने त्यात जे वाढतं आणि मीटर जे मोजतो, त्याला नियमात “एकूण ध्रुवीय संयुगे” असा शब्द आहे आणि १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के आहे. हा शब्द गाडीवाल्याच्या काही उपयोगाचा नाही. म्हणून मसुदा सोपा करणारा लिहितो, “तेल काळं झालं की बदला.” वाचायला छान, पण हे वाक्य फसवं आहे. बेसनाची चुरी जळली की तुलनेने नवं तेलही लवकर काळवंडतं, आणि मीटरवर मर्यादा ओलांडलेलं तेल गाळून घेतलं तर बरं दिसू शकतं. त्यामुळे आकडा ठेवायचा, संज्ञा काढायची. आज किती आलं, किती चालतं, पुन्हा कशाने मोजणार, एवढं त्याला पुरतं. घरगुती खूण सांगायचीच असेल तर फेस, चिकटपणा आणि कमी आचेवरही येणारा धूर सांगावा, पण ती मदत म्हणून, मोजमाप म्हणून नाही.

तारखा रकान्यांच्या वर, ठळक, वारासकट:

“ही नोटीस तुम्हाला शुक्रवार, ५ जून रोजी हातात दिली. खालील कामं सोमवार, २२ जून, संध्याकाळी ५ पर्यंत पूर्ण करा. आम्ही बुधवार, २४ जून रोजी संध्याकाळी ४ ते ७ या वेळेत गाडीवर पाहायला येऊ. त्या दिवशी गाडी लावणार नसाल तर आधी कार्यालयात कळवा.”

२२ का? १९ ही काठावरची तारीख झाली. नोटीस पोचवायला एक-दोन दिवस आणखी लागले तर १४ दिवस भरत नाहीत आणि सगळी नोटीस अडचणीत येते. मुदत काही दिवस सैल ठेवलेली बरी. “हातात दिली” ही तारीख टंकलेली नसावी. देताना पेनाने भरावी. नोटीस पोचायला आठवडा लागला तर मुदतीची तारीखही तिथेच खोडून नवी लिहावी आणि दोन्ही प्रतींवर सही घ्यावी. वेळही गाडीची पाहून ठरवावी. संध्याकाळी लागणारी गाडी सकाळी ११ ला पाहायला गेलं तर रिकामा फुटपाथ सापडतो आणि अहवालात “व्यवसाय बंद आढळला” असं जातं.

तारीख आधी सांगितली की गाडीवाला तेवढ्या दिवसापुरती गाडी चकाचक करेल, असा आक्षेप अधिकारी घेतात. तो खोटा नाही. पण ही फेरी नोटिशीतली कामं झाली का, हे पाहण्यासाठी आहे. अचानक तपासणीचा अधिकार तिने जात नाही. नोटिशीत एक ओळ टाकावी: “याशिवाय आम्ही कधीही न सांगता येऊ शकतो.” नळाची टाकी आणि झाकणाचा डबा एकदा आले की सहसा परत जात नाहीत. तेल आणि कागद यांच्यासाठी मात्र न सांगता जाणंच खरं.

अपिलाची तारीख जुन्या मसुद्यात बहुधा कलमाच्या आकड्यात गाडलेली असते. नोटीस मान्य नसेल तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे जाता येतं; त्याची मुदत १५ दिवस किंवा नोटिशीतली मुदत, यांतलं जे आधी संपेल ते. आपल्या उदाहरणात ५ जूनपासून १५ दिवस म्हणजे २० जून, आणि हे २२ च्या आधी येतं. २० जूनला शनिवार आहे, राज्य शासनाची कार्यालयं बंद. म्हणून असं लिहावं: “ही नोटीस मान्य नसेल तर २० जूनपर्यंत अपील करता येतं. शनिवारी कार्यालय बंद असल्याने शुक्रवारी, १९ जूनलाच अर्ज द्या.”

शेवटी परिणाम. “नियमानुसार कारवाई” ऐवजी क्रम लिहावा: “कामं झाली नाहीत तर आधी तुमची नोंदणी स्थगित होऊ शकते. त्यानंतरही झाली नाहीत तर तुमचं म्हणणं ऐकून ती रद्द होऊ शकते.” आणि लगेच खाली: “ही नोटीस जागेबद्दल किंवा गाडी हटवण्याबद्दल नाही.” या ओळीने भीती बरीच उतरते आणि माणूस बाकीची नोटीस वाचायला लागतो. कलम ३२ आणि परिशिष्ट ४ यांचा उल्लेख तळाशी एका ओळीत ठेवावा. वकिलाला तो तिथेही सापडतो.

मग निवड कशी करायची? प्रत्येक गाडीचं निरीक्षण हाताशी नसेल, नुसती मोहीम असेल, तर चित्रांचं पत्रक वाटा आणि त्याला नोटीस म्हणू नका. निरीक्षण असेल तर रकान्यांची नोटीस द्या, मागच्या बाजूला तीच हिंदीत छापा, कारण मुंबई-पुण्यातल्या कितीतरी गाड्यांवर मराठी ऐकून कळते पण वाचता येत नाही. रकाने भरायला प्रत्येक गाडीमागे जास्त वेळ जातो, हे खरं आहे. मनुष्यबळ अगदीच तोकडं असेल तर जुना मसुदा तसाच ठेवून त्याच्यावर तारखांचा चौकोन आणि रकान्यांचा एक कागद टाचा. पण मग दोन्ही कागदांवरची मुदत एकच आहे ना, हे सहीपूर्वी पाहा. जुन्यात “प्राप्त झाल्यापासून १४ दिवस” राहिलं आणि वरच्या कागदावर २२ जून असेल, तर वाद त्या फरकावरच होतो.

छापण्याआधी एक प्रत घेऊन एखाद्या गाडीवर जा. गर्दी नसेल अशा वेळी वाचायला द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आणि कागद परत घेऊन तीन प्रश्न विचारा: साहेब कधी येणार? तोवर काय आणायचं? नाही जमलं तर काय होईल? ज्या प्रश्नाला तो अडखळला, ती ओळ पुन्हा लिहायला घ्या.