टाकीत पाणी: बाटली ओतावी की टाकी रिकामी करावी?

पावसाळ्यात पेट्रोल टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं, आत पाणी गेलं आणि माझी गाडी जळगावहून चोपड्याला जाताना आचके देऊ लागली. दुकानदाराने पाणी घालवणारी अल्कोहोलची बाटली पुढे केली. मी आधी इंजिन थंड करून, उघड्यावर, टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. अर्ध्या तासात खाली दोन बोटं वेगळा थर स्पष्ट दिसला.

असा थर दिसला की बाटली व्यर्थ. ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, म्हणजे १० लिटरमध्ये २ लिटर अल्कोहोल आधीच आहे. त्यानेही पाणी पेललं नाही, उलट ते पाण्यासोबत तळाशी बसलं. तिथे आणखी १०० मिली काय करणार? शिवाय वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरतो, म्हणून सगळंच काढावं लागतं. मी टाकी, कार्बोरेटरची वाटी रिकामी केली, रबर बदललं.

बाटलीचा उपयोग इथेनॉल नसलेल्या पेट्रोलात चमचाभर पाणी असेल तेव्हा, किंवा नळीत पाणी गोठतं अशा थंड मुलखात. आपल्या खान्देशात तशी वेळ येत नाही.