लिंबू साडीवर ब्लाउज कुठला, मोरपंखी खण की फिका आकाशी?

मावसबहिणीचं लग्न मे महिन्यात, म्हार्दोळला, मुहूर्त दुपारी बाराचा. वहिनीची साडी ठरलीय, लिंबू रंगाची कॉटन सिल्क, बारीक जरीकाठ. अडलंय ते ब्लाउजवर, मोरपंखी खण की फिका आकाशी रॉ सिल्क?

आधी घामाचं बघा, गोव्यात मे महिन्यात दमटपणामुळे घाम वाळतच नाही. आकाशी, पिस्ता, पीच, ग्रे असे मधले रंग ओले झाले की गडद होतात आणि काखेतला डाग लांबून कळतो, वर सिल्कवर सुकल्यावरही कडा राहते. मोरपंखी आधीच गडद, त्यात खणाची बारीक नक्षी, त्यामुळे ओलं फारसं दिसत नाही. घरीच बघायचं असेल तर कापडाच्या कोपऱ्यावर दोन थेंब पाणी टाका, लगेच कळतं.

उन्हात मात्र आकाशी बरा, गडद रंग जास्त तापतो. फोटोत उलट, भर दुपारच्या उजेडात लिंबू आणि आकाशी दोन्ही फिके पडतात, मोरपंखीने साडी उठून दिसते.

खणाची एकच भीती, रंग जाण्याची. ओला पांढरा रुमाल कापडावर घासून बघा, रंग लागला तर घामाने तो लिंबू पदरावरही लागणारच, मग तो पीस नकोच. अस्तर कॉटनचंच लावा आणि काखेत स्वेट पॅड शिवून घ्या.

वहिनी मंडपात सावलीत आणि सारखी धावपळीत, तिला मोरपंखी खणच. वरातीत उन्हात चालणार असाल तर फिका रंग घ्या, पण सुती आणि छापील.